कपडे वाळवायची दोरी, गच्चीवर माती ओढायचा दोर आणि बागेतली बांधणी : ताग, सुती, नायलॉन की काथ्या?

सई_विश्रामबाग (सांगली)

नमस्कार मंडळी. दोराबद्दल विचारायचंय. आमच्या गच्चीवर टाकीचा खांब आणि जिन्याच्या खोलीची भिंत यात सहा मीटर अंतर आहे. तिथे कपड्यांसाठी नायलॉन म्हणून घेतलेली दोरी बांधली होती. ओल्या चादरी टाकल्या की मधोमध इतकी लोंबायची की चादरीची टोकं जमिनीला टेकायची. ह्यांनी दोन-तीनदा जोर लावून कचकचून ताणली. परवा भिंतीतला हूकच प्लास्टरच्या ढेकळासकट बाहेर आला.

आता नव्याने सगळं करायचंच आहे, तर आणखी दोन कामं त्यातच उरकायचा विचार आहे. एक म्हणजे खालून दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर माती आणि शेणखत बादलीने ओढून घ्यायचं. दुसरं म्हणजे कुंड्यांतले टोमॅटो, घेवडा आणि मधुमालतीचा वेल बांधायचा. गणपती पेठेत चौकशी केली तर ताग, सुती, नायलॉन, काथ्या सगळंच मिळतं. एकच जाड नायलॉनचा गुंडाळा आणून तिन्ही कामं भागतील का?

अमोल_मिरज

भागतील की. नायलॉन सगळ्यात मजबूत, त्यात प्रश्नच नाही. तुमची दोरी बारीक असणार म्हणून लोंबली. १० मिलिमीटरची घ्या आणि या वेळी टर्नबकल, म्हणजे फिरवून दोरी ताणायचा स्क्रू, लावून अगदी सरळ रेषेत ताणा. भिंतीत हूकसाठी मोठा फास्टनर मारा. मातीसाठी वर एक पुली टांगा, वजन निम्मं होतं. तोच दोर तिथेही चालेल.

माणदेशी_शेरडंवाला (म्हसवड)

नायलॉन अजिबात घेऊ नका ताई. माझ्या दोन शेरडांच्या मानंला नायलॉनच्या दाव्यानं जखमा झाल्या. दोर बारीक आणि गुळगुळीत, शेरडू ओढ घेतंय तसा फास आवळतोय आन कातडीत रुततोय. पावसाळ्यात त्यात आळ्या पडल्या, डॉक्टर बोलवावा लागला. आता मी सुती दावं वापरतोय, जाड आन मऊ. आधी आमच्याकडं घायपाताच्या वाखाचं दावं आन कासरं वळायची, बेंदराला नवी दावी यायची. आता वळणारी माणसंच राहिली नाहीत. सुती दावं किती दिवसांनी बदलावं, कुणी सांगंल का?

सई_विश्रामबाग

दादा, मी कपड्यांच्या दोरीचं विचारत होते. पण रुतण्याचा मुद्दा वेलीला लागू आहे का, हे मला खरंच कळायला हवं.

फिटर_नाना (कराड)

सईताई, साखर कारखान्यात फिटर म्हणून काम करताना माझा अर्धा जन्म दोर, साखळी आणि चेन-ब्लॉक यांच्याबरोबर गेला. तुमच्या हुकाचं आधी सांगतो, कारण तिथेच सगळी मेख आहे.

कपड्याच्या दोरीला मजबुती फारशी लागतच नाही. चारपैकी कुठलाही ठीकठाक दोर ओल्या कपड्यांचं वजन पेलतो. तुमचीही दोरी तुटली नाही, हूक निघाला. दोरी जितकी सरळ ताणाल तितकी तिची आडवी ओढ वाढते. हिशोब सोपा आहे. कपड्यांचं एकूण वजन गुणिले दोन टोकांतलं अंतर, त्याला मधल्या झोलाच्या आठपटीने भागायचं.

हाताने पिळलेल्या दोन चादरी आणि घरचे इतर कपडे मिळून १२ किलो धरू. अंतर ६ मीटर. मधोमध ३० सेंटिमीटर झोल असेल तर हुकावर ओढ येते ३० किलोची. तेच ताणून झोल १५ सेंटिमीटरवर आणला की ६० किलो. आणि ह्यांनी कचकचून ताणून कपडे टाकल्यावरही ५ सेंटिमीटरच झोल राहील असं केलं, तर १८० किलो. विटेवरच्या प्लास्टरमध्ये लाकडी गुट्टी ठोकून बसवलेला हूक ते सोसणार नाही. अमोल म्हणतात तसा टर्नबकल लावला तर फास्टनर कितीही मोठा घ्या, तो वीटच फोडून बाहेर येईल.

आता लोंबण्याचं. सहा मीटरच्या दोरीला ३० सेंटिमीटर झोल यायला ती फक्त ४ सेंटिमीटर जास्त लांब असावी लागते. १५ सेंटिमीटर झोलाला तर एकच सेंटिमीटर. म्हणजे दोरी जराशी लांबली तरी मधे झोल धडाधड वाढतो. दोन टक्के लांबली म्हणजे १२ सेंटिमीटर, आणि तेवढ्याने झोल अर्ध्या मीटरच्या वर जातो. नायलॉन ताणाखाली लांबण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तुटेपर्यंत ते वीस-पंचवीस टक्के सहज लांबतं, म्हणून धक्के खायच्या कामाला ते उत्तम. भिजलं की आणखी मऊ पडतं आणि ताकदही दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. ओल्या कपड्यांच्या दोरीला हाच गुण नडतो.

अमोल_मिरज

नाना, हिशोब पटला. सरळ रेषेचा आग्रह सोडतो. पण जाड घेतली तर लांबणं कमी होईल ना? तो माझा मुद्दा राहतोच.

फिटर_नाना

तो बरोबर आहे. तोच माल दुप्पट आडव्या छेदाचा घेतला तर त्याच ओढीला साधारण निम्मा लांबतो. फक्त १० मिलिमीटरच्या दोरीवर कपड्याचा चिमटा बसत नाही, उघडाच राहतो. म्हणून सहा, फार तर आठ मिलिमीटरच्या वर जाऊ नये.

जाडीपेक्षा सोपा उपाय म्हणजे मधे बांबूचा टेकू. टेकू दिला की दोन गाळे होतात, प्रत्येक ३ मीटरचा आणि प्रत्येकावर ६ किलो. तेवढाच ३० सेंटिमीटर झोल ठेवला तर ओढ साडेसात किलोवर येते, म्हणजे आधीच्या पाव. झोल १० सेंटिमीटरवर आणला तरी साडेबावीस किलोच. बांबूच्या टोकाला खाच करायची, कपडे टाकून झाले की दोरी खाचेत धरून बांबू उभा करायचा.

दुसरं म्हणजे खांबाच्या बाजूला हूक मारूच नका, खांबाभोवती दोरीचेच दोन वेढे घ्या. भिंतीच्या बाजूला विटेत न मारता काँक्रीटच्या बीममध्ये किंवा कॉलममध्ये फास्टनर घ्या. जिन्याच्या खोलीला कोपऱ्यात बहुधा कॉलम असतो. हातोडी मारून आवाज ऐका, सुटलेलं प्लास्टर पोकळ वाजतं.

वाईकर_काकू

आमच्याकडे सुतीच आहे. सई, तू सुती पीळदार दोरी घे, बाळ. माझ्या सासूबाई दोन दोऱ्या एकमेकींत पिळून बांधायच्या. दोन पदरांच्या मधे कपड्याचा कोपरा खोचायचा, चिमटा लागत नाही आणि घाटावरचा वारा सुटला तरी साडी उडत नाही. मी अजून तसंच करते. नायलॉनवर कपडे सरकून एका ठिकाणी गोळा होतात, मग वाळत नाहीत. सुतीवर टाकलेला कपडा तिथेच राहतो.

फक्त महिन्यातून एकदा ती काढून साबणाच्या पाण्यातून काढायची. नाहीतर धूळ बसून पांढऱ्या कपड्यांवर रेघ उमटते.

जावळीकर (मेढा)

काकू, तुमच्या वाईला ते जमत असेल. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुती दोरी वाळतच नाही. काळे ठिपके पडतात आणि ते कपड्यांना लागले की धुऊन जात नाहीत. आत बुरशी खात जाते, वरून धड दिसते आणि एक दिवस तुटते. आम्ही पावसाळ्यात पडवीत प्लास्टिकचं आवरण असलेली तार बांधतो. तार लांबत नाही, भिजत नाही. तुमच्या चार प्रकारांत ती बसत नाही, तरी सांगतो.

काथ्या कपड्यांना अजिबात नको. तो पाण्यात लवकर कुजत नाही हे खरं, पण नवा काथ्या पावसात तपकिरी पाणी सोडतो. पांढऱ्या शर्टावर तो डाग बसला की गेला. शिवाय त्याची कुसळं पातळ कापडाचे धागे ओढतात.

फिटर_नाना

जावळीकरांचं म्हणणं मेढ्यापुरतं मान्य. सांगलीत पाऊस एवढा नसतो, मधे ऊन पडतं. तरी सुतीची एक खोड सईताईंना माहीत हवी. सुती दोर भिजला की सूत फुगतं, आणि पीळ असल्यामुळे दोर लांबीला आखडतो. कोरड्या दिवशी ३० सेंटिमीटर झोल ठेवून बांधलेली दोरी पावसात ३ सेंटिमीटर जरी आखडली तरी झोल १५ वर येतो आणि वर कपडे असतील तर ओढ दुप्पट होते. नवी दोरी याहून जास्त आखडते. तंबूचे सुती ताण पाऊस आला की सैल करायची जुनी पद्धत याचसाठी होती.

म्हणून नवी सुती दोरी आणल्याबरोबर कापू नका. रात्रभर पाण्यात भिजवा, मग खांबाला अडकवून खाली दहा-बारा किलोचं वजन टांगून वाळू द्या. आखडायचं आणि लांबायचं ते तिथेच होऊन जातं. एका टोकाची गाठ ओढली की सुटेल अशी ठेवा. पावसाळ्यात कपडे नसतील तेव्हा दोरी सैल करून टाका. भिजल्याने सुती दोराची ताकद कमी होत नाही, उलट थोडी वाढते. त्याला मारते ती सततची ओल. पीळ उलटा फिरवून मधली सुतं पाहा. आत करडी भुकटी दिसली किंवा सूत चिमटीत तुटलं तर दोर टाकून द्या, बाहेरून कितीही चांगला दिसो. म्हसवडच्या दादांनाही हेच सांगेन. दाव्याला महिन्यांचा नियम नाही, आत बघून ठरवा. मुतात भिजणारं टोक आधी जाईल.

माणदेशी_शेरडंवाला

बघितलं नाना. खुट्ट्याकडची वीतभर सुतं चिमटीत तुटत्यात. आजच बदलतो.

सई_विश्रामबाग

सगळ्यांचे आभार. टेकूचा उपाय ह्यांनाही पटला. आता माती ओढायचं सांगाल का? पुलीने वजन निम्मं होत असेल तर एकदम ५० किलोचं पोतं ओढता येईल असं आमच्याकडे चाललंय.

फिटर_नाना

ताई, हे आधी थांबवा. वर पक्की टांगलेली एकच पुली वजन कमी करत नाही. ती फक्त ओढायची दिशा बदलते, खाली उभं राहून खाली ओढता येतं एवढाच फायदा. वजन निम्मं होतं ते पुली बादलीबरोबर वर सरकणारी असेल तर, आणि तेव्हा दोरही दुप्पट ओढावा लागतो. टांगलेल्या पुलीच्या हुकावर मात्र दुप्पट भार येतो. बादली २० किलोची, तुमचा हातही २० किलोने खाली ओढतोय, हुकावर ४०. धक्का बसला तर आणखी. ५० किलोचं पोतं म्हणजे हुकावर १०० किलोच्या वर.

पोतं खाली फोडा आणि पंधरा-पंधरा किलोच्या बादल्या करा. एवढ्या वजनाला दोराची जाडी ताकदीसाठी नाही, हातासाठी निवडायची. बारीक दोर बोटांत रुततो आणि घट्ट पकडताच येत नाही. १४ ते १६ मिलिमीटरचा दोर मुठीत नीट बसतो.

प्रकार विचाराल तर हाताने ओढायला मी सुती देईन. हाताला धरतो, निसटला तरी चटका कमी बसतो. नायलॉन त्याच जाडीत कितीतरी पट मजबूत, पण ओल्या हातातून सरकतं आणि सरकलं की तळहात भाजतो. शिवाय बादली जमिनीवरून उचलताना आधी दोर लांबतो, मग ती एकदम उसळते आणि भिंतीवर आपटते. विहिरीवर रहाटाला नायलॉन आलं ते पाण्यात कुजत नाही म्हणून, तिथे ते योग्यच आहे. तुमच्याकडे दोर वापरून घरात ठेवणार, तेव्हा कुजण्याचा प्रश्न नाही. ताग नको. भिजला की तो बराच कमजोर होतो आणि शेणखताच्या ओलीत टोकाकडून कुजतो. काथ्या त्याच जाडीत सगळ्यांत कमजोर आणि हाताला बोचतो.

गाठ मारली की दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, आणि दोर तुटतो तो बहुतेक गाठीच्या तोंडाशी. कठड्याची धार दुसरा शत्रू. दोर पुलीवरूनच गेला पाहिजे, कठड्याला घासता कामा नये. पुलीचं चाक दोराच्या जाडीच्या आठपट तरी हवं, म्हणजे १६ मिलिमीटरला १३ सेंटिमीटर. ओढताना खाली बादलीच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, ओढणाऱ्यानेही बाजूला उभं राहायचं.

अमोल_मिरज

पुलीचं मी फिरत्या पुलीचं स्थिर पुलीला लावलं, बरोबर आहे तुमचं. पण नायलॉनबद्दल अजून पटलं नाही. हातमोजे घातले तर भाजायचा प्रश्न मिटतो, आणि सुतीपेक्षा इतकं मजबूत असताना कमजोर दोर का घ्यायचा? आमच्या वर्कशॉपमध्ये सगळं नायलॉननेच उचलतात.

फिटर_नाना

तुमच्या वर्कशॉपमध्ये शेकडो किलो उचलतात, तिथे मीही नायलॉनच घेईन. इथे १५ किलो आहेत. धड असलेला १६ मिलिमीटर सुती दोर गाठ मारूनही त्याच्या दहापटीहून जास्त पेलतो. बाकी हातमोजे दोन्ही दोरांना घालावेत, यात वाद नाही.

द्राक्षवाला_तासगाव

बागेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सईताई, वेलीला आणि झाडाला तागाची सुतळी. कुजते हाच तिचा उपयोग.

आमच्या बागेत पहिल्या वर्षी वेल बांबूला सुतळीने बांधत वर नेतो, मग तारेवर ओलांडे, म्हणजे वेलाच्या आडव्या फांद्या, बांधतो. तोवर सुतळी उन्हापावसात जीर्ण होते, आणि ओलांड्याचं लाकूड जून होऊन आपला आकार धरतं. बांधणी आपोआप सुटते. तिथे कुणी नायलॉनचा तुकडा वापरला तर खोड जाड होत जातं आणि दोरी तशीच राहते. ती सालीत रुतते आणि अन्नाची वाट अडवते. कळतं कसं, तर बांधलेल्या जागेच्या वर फुगवटा येतो आणि खालचा भाग बारीक राहतो. वरची पानं पिवळी पडायला लागली तर दोरी शोधायची. साल तिच्यावरून वाढलेली असते, त्यामुळे पुष्कळदा दिसतही नाही. शेरडाच्या मानेचं जे झालं तेच.

टोमॅटोला सुतळी आठाच्या आकड्यासारखी घ्यायची. एक फेरा काठीभोवती घट्ट, मधे पीळ, दुसरा फेरा खोडाभोवती सैल, आत करंगळी जाईल इतका. खोड काठीला घासत नाही. पीक संपलं की सुतळीसकट झाड कापून खतात टाका.

मधुमालतीचं वेगळं. ती वर्षानुवर्षं राहते आणि भिजली की जड होते, सुतळी एका पावसात जाईल. तिथे काथ्या. तो खरखरीत असल्याने वेल त्यावरून घसरत नाही आणि दोन-तीन पावसाळे काढतो. खोडाला मात्र काथ्याही आवळून बांधायचा नाही. कुंडीतल्या नव्या आंब्याच्या रोपाला काठीशी बांधायचं असेल तरी काथ्याच, सैल.

जावळीकर

आमच्या पावसात सुतळी दोन महिनेही टिकत नाही, काकडीचा मांडव अर्ध्यात खाली येतो. मी मांडवाच्या आडव्या दोऱ्या काथ्याच्या करतो आणि वेलाला फक्त सुतळी.

द्राक्षवाला_तासगाव

बरोबर. भार पेलणारी दोरी वेगळी, वेल धरणारी वेगळी.

सई_विश्रामबाग

एक गोष्ट अजून. जुनी दोरी सैल करून ठेवली होती, तरी तिची वाढलेली लांबी कमी झाली नाही. नानांनी नायलॉन ताणाखाली लांबतं म्हटलं, पण ओझं काढल्यावर ते परत आखडायला नको का?

फिटर_नाना

चांगलं पाहिलंत. नायलॉन बरंचसं परत येतं. परत आलं नाही म्हणजे एक तर विणीतली ढील निघाली, नाहीतर ते नायलॉन नाहीच. बाजारात नायलॉन म्हणून पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन मिळतं. ते सतत ओढीखाली हळूहळू कायमचं लांबत जातं आणि उन्हात लवकर मरतं. बोटाला पांढरी भुकटी लागते, तुसं टोचतात. एक तुकडा पाण्यात टाका. नायलॉन पाण्यापेक्षा जड, बुडतं. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं.

सई_विश्रामबाग

टाकला. तरंगतोय. हाताला भुकटीही लागतेय.

अमोल_मिरज

विणलेल्या दोरीत हवा अडकते, तिने नायलॉनही तरंगेल. वीण उकलून सुटे धागे बघायला हवेत.

फिटर_नाना

हे अमोलचं बरोबर. थोडा भांड्याचा साबण पाण्यात घाला, धागे सुटे करून पाण्याखालीच चिमटीत दाबा, हवा निघू दे. मग सोडा.

सई_विश्रामबाग

केलं. वरच्या विणीचे धागे बुडाले, आतल्या गाभ्याचे वर आले!

फिटर_नाना

मग दोन मालांची आहे. आत स्वस्त भरण, वर दुसरं काहीतरी. बुडालं म्हणून ते नायलॉनच असंही नाही, पॉलिस्टरही बुडतं. पॉलिस्टर नायलॉनपेक्षा कमी लांबतं आणि उन्हात टिकतं. तशी दोरी मिळाली तर जावळीकरांनी पावसाळ्यात तारेऐवजी ती बांधून बघावी.

जावळीकर

मेढ्याच्या दुकानात दोनच नावं चालतात, नायलॉन आणि सुती. साताऱ्याला गेलो की बादलीभर पाणी मागून बघतो.

सई_विश्रामबाग

आमचं ठरलं. सहा मिलिमीटर सुती पीळदार दोरी कपड्यांना, भिजवून-टांगून मगच बांधायची, मधे बांबू. १६ मिलिमीटरचा सुती दोर मातीला. ह्यांचं अजून नायलॉन आणि हातमोजे चाललंय, ते घरात बघू. सुतळीचा गुंडा टोमॅटोला आणि काथ्या मधुमालतीला. काकू, दोन पदर पिळायचे तर सहा मिलिमीटरचेच दोन घेऊ का बारीक?

वाईकर_काकू

चार-चार मिलिमीटरचे दोन घे. आणि दोन्ही एकत्रच भिजव गं, नाहीतर एक आखडेल आणि दुसरी सैल राहील, मग खोचलेला कपडा सुटतो.